एकाच तक्त्यात सगळ्या ग्रेड: फायनलला किती लागतील ते शीटवर कसं मांडायचं

मिडसेमचे मार्क लागले की आठवडाभर माझ्या टेबलापुढे एकच प्रश्न येतो. "मॅडम, ए ग्रेडसाठी फायनलला किती लागतील?" मी कागदावर आकडेमोड करून उत्तर देते. मग लगेच, "आणि बी प्लससाठी?" पुन्हा आकडेमोड. तेवढ्यात तिसरा प्रश्न: "पण आयएसई-दोनमध्ये कमी पडले तर?" इथे मी पेन खाली ठेवते, कारण आता एका उत्तराने भागत नाही. चार-पाच ग्रेड आणि सहा-सात शक्यता एकत्र आल्या की पंचवीस-पस्तीस उत्तरं लागतात, आणि ती एकमेकांशेजारी दिसली तरच काही कळतं. हे काम शीटचं. नीट मांडलं तर वीस मिनिटांत होतं.

खालचं उदाहरण आमच्याकडच्या एका विद्यार्थिनीचं आहे. विषय गणित, एकूण १०० मार्क. त्यात मिडसेम ३० चं, आयएसई-एक आणि आयएसई-दोन या सत्रातल्या छोट्या चाचण्या प्रत्येकी १० च्या, आणि फायनलचा वाटा ५० चा. फायनलचा पेपर मात्र १०० मार्कांचा असतो आणि मिळालेले मार्क निम्मे करून धरतात. तिला मिडसेमला १९ आणि आयएसई-एकमध्ये ७ मिळाले होते. आयएसई-दोन व्हायची होती. आमच्याकडे ग्रेडचे कटऑफ असे आहेत: ओ ला ९०, ए प्लसला ८०, ए ला ७०, बी प्लसला ६०, बी ला ५५, सी ला ५० आणि पी ला ४०. शिवाय एक अट आहे. एकूण कितीही भरले तरी फायनलच्या पेपरात १०० पैकी ४० हवेतच, नाहीतर विषय राहिला.

ही अक्षरं युजीसीच्या दहा पॉइंटांच्या पद्धतीतली आहेत, त्यामुळे बहुतेक ठिकाणी सारखीच दिसतील. कटऑफ मात्र प्रत्येक विद्यापीठाचे आणि स्वायत्त कॉलेजचे आपापले असतात. ते परीक्षा नियमावलीतून घ्या, सीनियरच्या आठवणीतून नको.

आधी आकडे एका जागी

नवीन शीट उघडा. गूगल शीट्स, एक्सेल, लिबरऑफिस, काहीही चालेल. खालचे सगळे फॉर्म्युले तिन्हीकडे जसेच्या तसे चालतात. पहिल्या रकान्यात नावं आणि दुसऱ्यात आकडे, असे टाका:

```
A1  मिडसेम               B1  19
A2  आयएसई-१              B2  7
A3  फायनलचा वाटा         B3  50
A4  पेपर किती मार्कांचा   B4  100
A5  पेपरात किमान          B5  40
A6  आतापर्यंत जमा         B6  =B1+B2
```

वाटा आणि पेपर हे दोन आकडे वेगळे ठेवलेत, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. पोरं हिशेब करून "४४ लागतात" म्हणतात आणि हे ४४ पन्नासपैकी की शंभरपैकी, ते दोन दिवसांनी त्यांनाच आठवत नाही. आपला तक्ता कायम पेपरावरचे मार्क दाखवेल, म्हणजे परीक्षेच्या हॉलमधून बाहेर पडल्यावर ज्या आकड्याचा अंदाज बांधता येतो तो.

`B6` मध्ये मुद्दाम साधी बेरीज आहे, `SUM` नाही. `B1` मध्ये चुकून "19 मार्क" असं काही टाइप झालं तर साधी बेरीज `#VALUE!` दाखवून ओरडते. `SUM` तो सेल गुपचूप सोडून देतो आणि मुलीचे एकोणीस मार्क हवेत विरतात. आरडाओरडा करणारी चूक परवडली.

दुसरी खबरदारी म्हणजे मार्क टाकताना नुसता 7 टाका, 7/10 नको. तिरकी रेघ दिसली की शीट त्याची तारीख करते, सेटिंगप्रमाणे सात ऑक्टोबर किंवा दहा जुलै. शीटच्या पोटात तारीख म्हणजे पंचेचाळीस हजारांच्या वरचा एक आकडा असतो. त्यातून पुढे काय होतं ते खाली सांगते, कारण त्या चुकीने मला एकदा चांगलंच फसवलं आहे. आणि आकडे इंग्रजीच टाका. देवनागरी १९ ला शीट मजकूर समजू शकते.

तक्त्याचा सांगाडा

आता दोन रिकाम्या ओळी सोडून नवव्या ओळीपासून तक्ता सुरू करा. `A9` मध्ये "ग्रेड", `B9` मध्ये "कटऑफ". `A10` ते `A16` मध्ये ओ पासून पी पर्यंतच्या सात ग्रेड आणि त्यांच्याशेजारी `B10` ते `B16` मध्ये त्यांचे कटऑफ.

नवव्या ओळीत, `C9` पासून उजवीकडे, जी गोष्ट अजून ठरायची आहे तिच्या शक्यता येतील. इथे ती आयएसई-दोन. `C9` मध्ये 4 टाका, `D9` मध्ये `=C9+1`, आणि तो `I9` पर्यंत ओढा. चार ते दहा अशा सात शक्यता झाल्या. शून्यापासून सुरुवात करायची गरज नाही. या मुलीला पहिल्या चाचणीत सात होते, दुसरीत ती चारच्या खाली जाण्याची शक्यता कमी. उगाच अकरा रकाने केले तर मोबाइलवर तक्ता आडवा सरकवत बसावं लागतं. पुढे सुरुवात बदलावीशी वाटली तर फक्त `C9` बदला, बाकीचे आपोआप सरकतील. शेवटच्या रकान्यात दहाच्या वर आकडा गेला नाही ना, एवढं बघा.

एकच फॉर्म्युला, डॉलर योग्य जागी

`C10` मध्ये हे टाका:

```
=($B10-$B$6-C$9)*$B$4/$B$3
```

याचं म्हणणं सरळ आहे. कटऑफमधून आतापर्यंतचे जमा वजा करा, आयएसई-दोनचे अपेक्षित मार्क वजा करा. जे उरलं ते फायनलच्या वाट्यातून यायला हवं. वाटा पन्नासचा आणि पेपर शंभराचा, म्हणून शंभरने गुणून पन्नासने भागा. ओ साठी ९० वजा २६ वजा ४ म्हणजे ६०, आणि त्याचे पेपरावर १२०. `C10` मध्ये १२० आला पाहिजे.

आता तोच सेल `I10` पर्यंत उजवीकडे आणि मग सगळी ओळ `I16` पर्यंत खाली ओढा. एकोणपन्नास उत्तरं तयार. हे जमतं ते डॉलरमुळे. डॉलर ज्याच्या आधी असेल ते ओढताना जागचं हलत नाही. `$B10` मध्ये रकाना बांधलेला आहे आणि ओळ मोकळी, म्हणून प्रत्येक ओळ आपापला कटऑफ उचलते पण नेहमी `B` मधूनच. `C$9` मध्ये उलट, म्हणून प्रत्येक रकाना आपापली शक्यता उचलतो पण नेहमी नवव्या ओळीतूनच. वरचे ठरलेले आकडे दोन्हीकडून बांधलेले. कॉम्प्युटरवर फॉर्म्युल्यात त्या नावावर कर्सर ठेवून `F4` दाबत राहिलात की डॉलर फिरत जातात. मोबाइलवर हाताने टाकावे लागतात.

डॉलर राहिला तर तक्ता कसा दिसतो ते ओळखता आलं की चूक सेकंदात सापडते. `$B10` च्या जागी `B10` राहिलं तर दुसरा रकाना कटऑफऐवजी डावीकडचं उत्तर उचलतो, आणि पहिल्या ओळीत १२०, १७८, २९२ असे आकडे उजवीकडे फुगत जातात. `C$9` च्या जागी `C9` राहिलं तर पहिली ओळ बरोबर येते, पण तिच्या खालीच ए प्लसला उणे १३२ दिसतं, कारण शक्यतेच्या जागी वरच्या ओळीचं उत्तर वजा झालं. `$B$6` चे डॉलर राहिले तर पहिल्या ओळीत पहिला सेल सोडून बाकी सगळे रिकाम्या सेलकडे बघतात, जमा शून्य धरलं जातं आणि शेजारचा आकडा १७० वर उडी मारतो. पहिला सेल बरोबर आणि शेजारचे वेडेवाकडे, असं दिसलं की डॉलरच बघा, गणित नको.

बरोबर तक्त्याची खूणही सोपी आहे. उजवीकडे एक घर सरकलं की आकडा नेमका दोनने कमी व्हायला हवा, कारण वाट्यातला एक मार्क म्हणजे पेपरावरचे दोन. खाली दहा मार्कांनी कटऑफ उतरला की आकडा वीसने उतरतो. पेपर आणि वाटा सारखाच असेल, म्हणजे ६० चा पेपर आणि ६० चा वाटा, तर ही पावलं एक आणि दहाची होतील.

पूर्ण आकडा करताना वरच जायचं

आमच्या उदाहरणात सगळी उत्तरं पूर्ण आकड्यात आली, कारण शंभराचे पन्नास होतात. पण समजा पेपर साठचा आहे आणि वाटा पन्नासचा. `B4` मध्ये 60 टाकून बघा. (त्याबरोबर `B5` ही बदला, साठचे चाळीस टक्के म्हणजे 24.) आयएसई-दोनमध्ये सात धरले तर ए साठी फायनलच्या वाट्यातून ३७ हवेत, आणि ते पेपरावर ४४.४ होतात. इथे हात शिवशिवतो आणि माणूस ४४ लिहून मोकळा होतो. पण ४४ मिळाले तर वाट्यात ३६.६७ पडतात, एकूण ६९.६७ होतात आणि ए हुकतो. म्हणून गरजेचा आकडा काढताना नेहमी वरचा पूर्णांक घ्यायचा, जवळचा नाही. त्यासाठी `ROUNDUP`.

त्यातही एक बारकावा आहे. कॉम्प्युटर अपूर्णांक धरताना कधीकधी शेपटाला कणभर जास्तीचं ठेवतो. ४४ च्या जागी पोटात ४४.००००००००००१ असेल तर `ROUNDUP` त्याचे ४५ करून मोकळा होतो. म्हणून आधी सहा दशांशांपर्यंत `ROUND` करून ती शेपटी छाटायची, मग वर चढवायचं.

आता `B4` परत 100 आणि `B5` परत 40 करा.

एकूण मार्क पूर्णांकात करताना ६९.५ चे ७० धरतात का, हा प्रश्न हमखास येतो. काही ठिकाणी धरतात, काही ठिकाणी आधी फायनलचे निम्मे केलेले मार्क पूर्णांकात करतात. तसं तुमच्या नियमावलीत लिहिलेलं असेल तर कटऑफच्या रकान्यात 69.5 टाका, तक्ता पेपरावरचा एक मार्क कमी मागेल. लिहिलेलं नसेल तर सत्तरच ठेवा. एक मार्क जास्त अभ्यासाने कुणाचं काही बिघडत नाही.

पासची अट, आणि ती का शेवटी घालायची

आता पेपरात किमान ४० ची अट घालू. `C10` मधला फॉर्म्युला असा करा आणि पुन्हा सगळीकडे ओढा:

```
=MAX($B$5,ROUNDUP(ROUND(($B10-$B$6-C$9)*$B$4/$B$3,6),0))
```

`MAX` दोन आकड्यांतला मोठा घेतो. हिशेबाने २८ लागत असतील पण पास व्हायला ४० लागतात, तर उत्तर ४०.

ही अट पहिल्यापासून का घातली नाही? वर तारखेचं बोलले ना, तेच कारण. एका मुलाच्या शीटमध्ये `B2` मध्ये 7/10 टाइप झालं होतं. जमा झाले पंचेचाळीस हजारांच्या वर, गरज उणे हजारोंत गेली, आणि `MAX` ने इमानेइतबारे सगळीकडे ४० लिहिलं. ओ ग्रेडसाठीही ४०. तक्ता नीटनेटका, आकडे ओळखीचे, आणि मीही क्षणभर "वा" म्हणणार होते. `MAX` नसता तर उणे नव्वद हजार बघून लगेच कळलं असतं. म्हणून आधी कच्चा फॉर्म्युला ओढून पावलं तपासायची आणि मगच त्यावर हे झाकण ठेवायचं. शिवाय `B1` आणि `B2` ला `Data validation` लावा: ० ते ३० आणि ० ते १० मधलेच आकडे चालतील, बाकीचे शीटने नाकारावेत.

एवढं झालं की तक्ता असा दिसतो (कटऑफचा रकाना इथे गाळला आहे):

| ग्रेड | ४ | ५ | ६ | ७ | ८ | ९ | १० |
|---|---|---|---|---|---|---|---|
| ओ | १२० | ११८ | ११६ | ११४ | ११२ | ११० | १०८ |
| ए+ | १०० | ९८ | ९६ | ९४ | ९२ | ९० | ८८ |
| ए | ८० | ७८ | ७६ | ७४ | ७२ | ७० | ६८ |
| बी+ | ६० | ५८ | ५६ | ५४ | ५२ | ५० | ४८ |
| बी | ५० | ४८ | ४६ | ४४ | ४२ | ४० | ४० |
| सी | ४० | ४० | ४० | ४० | ४० | ४० | ४० |
| पी | ४० | ४० | ४० | ४० | ४० | ४० | ४० |

अशक्य काय आणि हातातलं काय, ते रंगाने

शंभराच्या पेपरात १०८ कुणाला मिळत नाहीत. बरेच जण इथे `IF` लावून त्या जागी "अशक्य" असा शब्द आणतात. मला ते पटत नाही. शब्द आला की आकडा गेला, आणि १०२ व १२० यांतला फरक महत्त्वाचा असतो. १०२ असेल तर मिडसेमचा पेपर पुन्हा तपासून घेण्यात अर्थ असू शकतो, १२० असेल तर नाही. आकडा ठेवा, रंग बदला.

`C10` पासून `I16` पर्यंत सगळे सेल निवडा. निवड `C10` पासूनच सुरू करा. उलटीकडून, म्हणजे `I16` पासून ओढत आणली तर एक्सेल रंगाचा नियम त्या सेलपासून मोजतो आणि रंग भलत्याच घरात पडतात. गूगल शीट्समध्ये `Format` मधून `Conditional formatting`, तिथे `Custom formula is` निवडा. एक्सेलमध्ये `Home` वरच्या `Conditional Formatting` मध्ये `New Rule` आणि मग `Use a formula to determine which cells to format`. पहिला नियम, राखाडी अक्षरं:

```
=C10>$B$4
```

दुसरा नियम, हिरवी पार्श्वभूमी:

```
=C10=$B$5
```

राखाडी म्हणजे विसरा. हिरवं म्हणजे पास होण्याएवढे मार्क पडले की ही ग्रेड पदरात आहेच. मधला पांढरा पट्टा हीच खरी अभ्यासाची जागा. हवं तर नव्वदच्या वरच्या घरांसाठी केशरी अक्षरं असा तिसरा नियम घाला, पण तो राखाडीच्या खाली ठेवा, कारण एकाच घराला दोन नियम लागू झाले की वरचा जिंकतो.

उलटून तपासणी

तक्ता कुणाला दाखवायच्या आधी एकदा उलटा हिशेब करा. `C20` मध्ये:

```
=$B$6+C$9+C10*$B$3/$B$4-$B10
```

हा फॉर्म्युला म्हणतो: सांगितलेले मार्क खरंच मिळाले तर एकूण किती होतील, आणि ते कटऑफच्या किती वर असतील? तो `I26` पर्यंत ओढा. एकही आकडा उणे असता कामा नये. पांढऱ्या पट्ट्यात आमच्याकडे सगळीकडे शून्य आलं, म्हणजे काठावर बरोबर. बहुतेक हिरव्या घरांत मात्र शून्याच्या वरचे आकडे आले, आणि तिथे खरी गंमत होती.

पी च्या ओळीत पहिल्याच रकान्यात १० दिसले. म्हणजे पेपरात जेमतेम ४० मिळवून पास झालेली मुलगीसुद्धा पी च्या कटऑफपेक्षा दहाने वर, अर्थात ५० वर. याचा अर्थ या मुलीला या सात रकान्यांत पी ग्रेड मिळूच शकत नाही. एकतर ती नापास होईल किंवा निदान सी मिळवेल. आणि आयएसई-दोनमध्ये नऊ पडले तर पासची किंमतच बी होते, कारण २६ आणि ९ आणि निम्मे केलेले २० मिळून बरोबर ५५ होतात. नुसता मुख्य तक्ता बघून हे चटकन लक्षात येत नाही. तिथे तीन ओळींत सारखेच चाळीस दिसतात आणि वाटतं, फॉर्म्युला बिघडला की काय.

तक्ता वाचायचा कसा

ती मुलगी तक्त्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, ओ गेला ना?" गेला. सगळी ओळ राखाडी होती. मग ती ए प्लसवर बोट ठेवून म्हणाली, "दहा पडले तर अठ्ठ्याऐंशी." मी विचारलं, "अगं, मिडसेमला तीसपैकी एकोणीस होते ना? ते शंभरात किती झाले?" त्रेसष्ट. म्हणजे तिचा प्रश्न खरं तर ए की बी प्लस एवढाच होता.

त्या दोन ओळींवरच थांबा. ए ची ओळ ८० पासून ६८ पर्यंत उतरते. एका टोकाला आतापर्यंतच्या कामगिरीपेक्षा सतरा मार्क जास्त हवेत, दुसऱ्या टोकाला पाचच. मधला बारा मार्कांचा फरक फक्त दहा मार्कांच्या एका चाचणीने पडतो. आयएसई-दोन म्हणजे आमच्याकडे दोन असाइनमेंट आणि एक छोटी क्विझ. पोरं ती शेवटच्या रात्री उतरवून काढतात, "दहाच मार्क तर आहेत" म्हणून. तक्ता सांगतो की त्यातला प्रत्येक मार्क पेपरातल्या दोन मार्कांच्या बरोबरीचा आहे. पेपरात दोन मार्क वाढवायला किती तास लागतात आणि असाइनमेंटमधला एक मार्क वाचवायला किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. बी प्लस मात्र तिला ६३ च्या चालीने सातही रकान्यांत मिळत होता. म्हणजे घसरण्याची भीती फारशी नव्हती, आणि तिची सगळी चिंता नेमकी तीच होती.

मिडसेमचे टक्के आणि फायनलचे टक्के सारखेच येतील असं मात्र धरू नका. फायनलला सगळा अभ्यासक्रम असतो. तुलना दिशा कळण्यापुरती.

गोल सीक आणि डेटा टेबल कशाला नको

एक्सेल येणारे लोक इथे विचारतात की `Goal Seek` असताना एवढं कशाला. ते एका वेळी एकच उत्तर काढतं, आणि मिडसेमचा मार्क बदलला की पुन्हा चालवावं लागतं. एकोणपन्नास वेळा कोण चालवणार? `What-If Analysis` मधलं `Data Table` मात्र याच कामासाठी आहे. कोपऱ्यात मूळ फॉर्म्युला, वर आणि डावीकडे शक्यता, आणि एक्सेल जाळी भरून देतं. पण ते गूगल शीट्समध्ये नाही, आणि आमची निम्म्याहून अधिक मुलं मोबाइलवर शीट्सच वापरतात. लिबरऑफिसमध्ये `Multiple Operations` नावाने तसंच काही मिळतं. शिवाय एक्सेलच्या हिशेबाच्या सेटिंगमध्ये डेटा टेबल सोडून बाकी सगळं आपोआप, असा पर्याय असतो. तो चालू असला तर वरचे आकडे बदलतात आणि तक्ता कालचाच राहतो.

डेटा टेबलची खरी गरज लागते ती नियम गुंतागुंतीचा असेल तेव्हा, म्हणजे गरजेचा आकडा एका ओळीत मांडता येत नसेल तेव्हा. आपला हिशेब वजाबाकी आणि भागाकाराचा आहे. डॉलरवाला फॉर्म्युला पुरतो.

कटऑफच ठरलेले नसतील तर

काही संस्थांत ग्रेड वर्गातल्या इतरांच्या मार्कांवरून ठरते. तिथे सत्तरला ए हे कुणीच आधी सांगू शकत नाही. अशा वेळी वरच्या ओळीत आयएसई-दोनऐवजी कटऑफची हालचाल ठेवा: -6, -4, -2, 0, 2, 4, 6. `B` रकान्यात मागच्या वर्षीचे कटऑफ टाका, आयएसई-दोनचा तुमचा अंदाज `B7` मध्ये टाका, आणि कंसातला भाग असा बदला:

```
($B10+C$9-$B$6-$B$7)
```

आता मधला रकाना म्हणजे गेल्या वर्षीसारखा पेपर. डावीकडे पेपर अवघड जाऊन कटऑफ खाली आले तर, उजवीकडे सगळ्यांना सोपा गेला तर. इथे तक्ता अंदाजावर अंदाज रचतो, म्हणून एका घराकडे बोट दाखवू नका, ओळीचा पट्टा बघा.

तिसरी अनिश्चित गोष्ट आली तर तिसरी बाजू कागदाला नसते. पूर्ण शीटची नक्कल करा, त्या नकलेत वरचा एक आकडा बदला आणि टॅबला नाव द्या: "मिडसेम १९", "मिडसेम २२ (पुनर्तपासणी)". चौथी नक्कल करावीशी वाटली तर थांबा. ती कुणी बघत नाही.

आयएसई-दोनचा निकाल लागला तेव्हा तिला आठ पडले होते. तिने बाकीचे रकाने काढून टाकले नाहीत, फक्त `G` रकान्याभोवती जाड चौकट आखली. ए ला ७२, बी प्लसला ५२. आठवड्याने क्विझच्या एका प्रश्नाची उत्तरसूची दुरुस्त झाली आणि तिचे आठाचे नऊ झाले. चौकट एक घर उजवीकडे सरकली.